साताचा पाढा आणि सहा चेंडू

लेस्टरला माझ्या मामेभावाच्या घरी शनिवारी दुपारी जेवणं उरकली की ओट्यावरच्या वाडग्यात सुटे पौंड जमायला लागतात. आसपासच्या पाच मराठी कुटुंबांची ही लॉटरीची भिशीच म्हणायची. प्रत्येकी दोन पौंड, म्हणजे पाच ओळींचं एक तिकीट. संध्याकाळी नॅशनल लॉटरीची सोडत असते. त्याआधी कोणीतरी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन तिकीट काढून आणायचं.

मी तिथे होतो त्या शनिवारी तिकिटाची पाळी भावाच्या सासऱ्यांची, नानांची होती. त्यांनी चष्मा पुसला, दुकानातून आधीच आणून ठेवलेली चिठ्ठी समोर घेतली आणि पहिल्या ओळीत सावकाश सहा आकडे भरले: ३, ८, १२, १९, २४, २७. सहा नातवंडं, सहा वाढदिवस. वहिनी भांडी विसळता विसळता म्हणाल्या, "नाना, मशिनलाच निवडू द्या ना. लकी डिप सांगितलं की झालं. जिंकणारे बहुतेक सगळे लकी डिपवालेच असतात." नाना मान वर न करता म्हणाले, "मशिनला काय माहीत आपली नातवंडं कधी जन्मली ते?"

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी बरीच वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं आहे, तेव्हा निवाडा मीच करावा अशी अपेक्षा होती. त्या दिवशी चहा होईपर्यंत जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. इथे ते सविस्तर मांडतो, कारण प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. त्यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत आणि दोघांची उत्तरं उलट दिशेची आहेत.

पहिला प्रश्न जिंकण्याच्या शक्यतेचा. ब्रिटनच्या लोटो खेळात १ ते ५९ आकड्यांचे चेंडू यंत्रात घुसळले जातात आणि त्यांतले सहा बाहेर पडतात. ५९ मधून सहांचे वेगवेगळे संच ४,५०,५७,४७४ होतात. जॅकपॉट लागायचा तर यांपैकी नेमका एकच संच आपल्या ओळीत असावा लागतो. चेंडू सारख्या वजनाचे, सारख्या आकाराचे असतील, तर यातला कोणताही संच बाहेर पडण्याची शक्यता अगदी सारखी. चेंडूंना नानांची नातवंडं माहीत नाहीत, तसंच दुकानातल्या मशिनने काय छापलं तेही माहीत नाही. सोडतीची यंत्रं वेगळी. ती तिकीट विकणाऱ्या मशिनशी जोडलेली नसतात आणि सोडत होते ती विक्री बंद झाल्यावर.

आता समजा, तिकिटाचं मशिन सदोष आहे आणि ते कायम ३१ च्या वरचेच आकडे देतं. तरी आपली शक्यता कमी होत नाही. किंवा समजा, एखाद्याने देवापुढे चिठ्ठ्या टाकून आकडे काढले. तरी ती वाढत नाही. सोडत निष्पक्ष असली की आकडे आले कुठून, या गोष्टीला शक्यतेच्या हिशेबात जागाच उरत नाही. प्रत्येक ओळीला साडेचार कोटींत एक संधी, बस्स. आठवड्याला दोन सोडती धरून दर वेळी एकच ओळ खेळलो, तर सरासरी सव्वाचार लाखांहून जास्त वर्षांत एकदा जॅकपॉट लागेल.

मग वहिनी म्हणत होत्या ते खोटं का? नाही, ती गोष्ट बहुधा खरी असते, पण ती सांगते वेगळंच. एखाद्या गावात शंभरातले सत्तर जण एसटीने जातात आणि तीस जण स्वतःच्या गाडीने. त्या गावातल्या शंभर लोकांना लग्नाचं आमंत्रण आलं, तर पाहुण्यांत सत्तर एसटीवाले दिसणारच. एसटीने गेल्यामुळे आमंत्रण मिळतं असा त्याचा अर्थ नव्हे. जिथे बहुतेक तिकिटं मशिनच्या निवडीची विकली जातात, तिथे बहुतेक विजेतेही त्याच तिकिटांचे असतात. अमेरिकेत पॉवरबॉलसारख्या खेळांत क्विक पिक घेणारे हाताने आकडे भरणाऱ्यांच्या कितीतरी पट असतात. तिथल्या विजेत्यांत क्विक पिकवाले जास्त दिसतात ते याच कारणाने. विजेत्यांतलं प्रमाण आणि विक्रीतलं प्रमाण शेजारीशेजारी ठेवून पाहिलं की मशिनचा करिश्मा नाहीसा होतो.

इथवर नाना आणि वहिनी बरोबरीत. पण दुसरा प्रश्न वाटणीचा आहे. तिथे ही बरोबरी टिकत नाही.

जॅकपॉट ही ठरावीक रकमेची थैली असते. ती एकाला लागली तर सगळी त्याची, दहा जणांना लागली तर तिचे दहा भाग. म्हणजे माझे आकडे आले की झालं असं नाही. तेच आकडे आणखी किती जणांनी धरले होते, यावर माझ्या हातात काय पडेल ते ठरतं. हे ब्रिटनला पहिल्यांदा कळलं ते १४ जानेवारी १९९५ च्या सोडतीत. लॉटरी सुरू होऊन जेमतेम दोन महिने झाले होते, पहिली सोडत १९ नोव्हेंबर १९९४ ची. तेव्हा चेंडू ४९ होते आणि संच १,३९,८३,८१६. त्या आठवड्यात सुमारे सात कोटी ओळी खेळल्या गेल्या होत्या. लोकांनी आकडे कसेही, विखरून निवडले असते तर जॅकपॉटचे साधारण पाच विजेते निघाले असते आणि प्रत्येकाला बत्तीस लाखांहून जास्त पौंड मिळाले असते.

चेंडू पडले ७, १७, २३, ३२, ३८, ४२. विजेते निघाले १३३. जॅकपॉट होता १,६२,९३,८३० पौंडांचा. प्रत्येकाच्या वाट्याला आले १,२२,५१० पौंड.

ही रक्कम लहान नाही, पण कोट्यधीश झालो असं मानून झोपलेल्या माणसाला सकाळी ती कशी वाटली असेल, हे समजू शकतं. बहुतेकांना कोडं पडलं की हे आकडे इतक्यांनी धरलेच कसे. यात वाढदिवस नाहीत, ३१ च्या वरचे तीन आकडे आहेत, ओळीने येणारे आकडे नाहीत, पाढा नाही.

उत्तर चिठ्ठीत आहे. एक कागद घ्या आणि आकडे पाच-पाचच्या आडव्या ओळींत लिहा. पहिल्या ओळीत १ ते ५, दुसरीत ६ ते १०, असं ४९ पर्यंत. तेव्हाची चिठ्ठी याच मांडणीची होती. आता त्या सहा आकड्यांवर खुणा करा. ७, १७, ३२ आणि ४२ दुसऱ्या उभ्या रांगेत येतात, २३ आणि ३८ मधल्या रांगेत. एकही खूण कडेला नाही, एकही खूण दुसरीला चिकटलेली नाही. वरपासून खालपर्यंत खुणा छान अंतराअंतराने पसरलेल्या आहेत. पेन हातात घेतलेल्या माणसाला "बेछूट" निवडायला सांगितलं की त्याचा हात असाच चालतो. कडा टाळायच्या, शेजारचा चौकोन टाळायचा, थोडं खाली सरकून पुढची खूण करायची. एकमेकांना न ओळखणारी हजारो माणसं आपापल्या स्वयंपाकघरात एकाच वळणाने हात फिरवत होती.

ही चिकटलेले आकडे टाळायची सवय मला सगळ्यांत बोलकी वाटते. ४९ चेंडूंच्या खेळात सहा आकड्यांत निदान एक जोडी लागोपाठची, म्हणजे २२-२३ किंवा ४०-४१ अशी, येण्याची शक्यता जवळजवळ निम्मी असते. दर दुसऱ्या सोडतीत अशी जोडी दिसते म्हणा ना. पण चिठ्ठी भरणाऱ्याला ती "नैसर्गिक" वाटत नाही, म्हणून तो ती घेत नाही. लोक या बाजूला गर्दी करतात तेव्हा त्या बाजूचे संच रिकामे राहतात. पहिल्याच महिन्यात, डिसेंबर १९९४ मध्ये, एका सोडतीत जॅकपॉट कोणालाच लागला नाही आणि रक्कम पुढच्या आठवड्यात गेली. पुढेही इतक्या विक्रीत अपेक्षा नव्हती तितक्या वेळा असं घडत राहिलं. काही संचांवर माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी होती आणि काही संचांना विचारणारं कोणी नव्हतं, याची ही दुसरी खूण.

एक तारीख इथे महत्त्वाची आहे. लकी डिप ब्रिटनमध्ये आलं मार्च १९९६ मध्ये. म्हणजे त्या १३३ जणांच्या सोडतीत मशिनने निवडलेली एकही ओळ नव्हती. सात कोटी ओळी माणसांच्या मनातून आलेल्या होत्या.

मशिन आलं म्हणून माणसांची आवड काही बदलली नाही. आपल्यापैकी ज्यांनी शाळेत ओरडून पाढे पाठ केले, त्यांना पुढची हकिगत पटकन कळेल. २३ मार्च २०१६ च्या सोडतीत चेंडू आले ७, १४, २१, ३५, ४१, ४२. म्हणून पाहा: सात, चौदा, एकवीस, मग अठ्ठावीसच्या जागी एक्केचाळीस, मग पस्तीस, बेचाळीस. साताचा पाढा लावणाऱ्यांचे सहातले पाच आकडे जुळले. असे पाच जुळवणारे ४,०८२ निघाले. पाच आकड्यांच्या बक्षिसाची रक्कम तेव्हा विजेत्यांत वाटली जायची आणि एरवी प्रत्येकाला हजार पौंडांच्या आसपास मिळायचे. त्या रात्री प्रत्येकाला मिळाले १५ पौंड. ज्यांचे चारच आकडे जुळले होते त्यांना ५१ मिळाले. अठ्ठावीस आला असता तर काय झालं असतं, हा विचार त्या चार हजारांपैकी प्रत्येकाने केला असणार. उत्तर असं, की जॅकपॉटचे हजारो तुकडे झाले असते.

फिलिपाईन्समध्ये १ ऑक्टोबर २०२२ ला नेमकं तेच घडलं. तिथल्या ५५ आकड्यांच्या खेळात ९, १८, २७, ३६, ४५, ५४ आले, अख्खा नवाचा पाढा. जॅकपॉट सुमारे २३ कोटी ६० लाख पेसोंचा, विजेते ४३३, प्रत्येकाला साडेपाच लाखांच्या आत. लगेच घोटाळ्याची शंका आली, चौकशीची मागणी झाली. दोन कोटी नव्वद लाख संचांत एकाच संचाला ४३३ जण कसे, हा सवाल वरवर रास्त दिसतो. पण विजेते किती निघाले, हे चेंडूंच्या वागण्यावरून ठरत नाही. ते लोकांच्या निवडीवरून ठरतं. नवाचा पाढा दर सोडतीला शेकडो लोक लावतच होते. इतर वेळी तो हरायचा, म्हणून त्यांची संख्या कोणाला दिसत नव्हती.

आता नानांच्या ओळीकडे येऊ. त्यांचे सगळे आकडे ३१ च्या आत आहेत, कारण महिन्यात तेवढेच दिवस. १ ते ३१ मधून सहांचे संच होतात ७,३६,२८१. साडेचार कोटींच्या मानाने हे जेमतेम दीड टक्का. म्हणजे वाढदिवस लावणारे सगळे लोक एवढ्याशा कोपऱ्यात दाटीने बसलेले. या दाटीची किंमत किती, हे बघण्यासाठी मी वहिनींच्या किराणा यादीच्या पाठीवर एक हिशेब मांडला. यातले विक्रीचे आकडे मी धरलेले आहेत, ते प्रत्यक्षातले नाहीत, पण त्यातून गोष्ट नीट दिसते.

समजा एका सोडतीला दीड कोटी ओळी विकल्या गेल्या. त्यांतल्या ९० लाख लकी डिपच्या. त्या साडेचार कोटी संचांवर सारख्या पसरतात, म्हणजे प्रत्येक संचावर सरासरी ०.२ ओळ. उरलेल्या ६० लाख ओळी हाताने भरलेल्या. त्यांतल्या पाचव्या हिश्शात, म्हणजे १२ लाख ओळींत, सगळे आकडे ३१ च्या आतले धरू आणि बाकीचे ४८ लाख इतरत्र पसरले असं मानू. मग वाढदिवसांच्या कोपऱ्यात प्रत्येक संचावर सरासरी १.८ ओळी बसतात आणि बाहेर फक्त ०.३.

नानांचा संच लागला, तर त्यांच्याबरोबर सरासरी पावणेदोन वाटेकरी. लहानमोठ्या वाटणीच्या सगळ्या शक्यता धरून हिशेब केला, की जॅकपॉटपैकी सरासरी ४६ टक्के त्यांच्या हाती येतात. कोपऱ्याबाहेरचा संच लागला तर ८६ टक्के. आणि लकी डिप? ते क्वचितच, एकसष्टात एकदा, त्या कोपऱ्यात जाऊन पडतं, म्हणून त्याचा आकडा ८५ टक्के येतो. जॅकपॉट पन्नास लाख पौंडांचा असेल तर नानांना सरासरी २३ लाख आणि वहिनींना ४२-४३ लाख. लागण्याची शक्यता दोघांना तंतोतंत सारखी, पण लागल्यावरची रक्कम जवळजवळ निम्मी.

हा हिशेब मी नानांच्या बाजूने सौम्यच ठेवला. कोपऱ्यातली माणसं सारखी पसरलेली धरली. खरं तर तिथेही सात, अकरा अशा आवडत्या आकड्यांभोवती जास्त दाटी असते. आणि १-२-३-४-५-६ ही ओळ इतक्या साध्या हिशेबात बसतच नाही. ब्रिटनमध्ये सुरुवातीच्या काळात दर आठवड्याला दहा हजारांच्या आसपास लोक ती लावतात, असं लॉटरी चालवणाऱ्या कंपनीनेच सांगितलं होतं. आपल्यालाच एकट्याला सुचलं असं प्रत्येकाला वाटत असणार.

नानांनी इथे मला बरोबर अडवलं. "म्हणजे हाताने भरलं की तोटा, असं म्हण ना सरळ." तसं म्हणता येत नाही, आणि हा या विषयातला सगळ्यांत नाजूक भाग आहे. मशिनला लोकांची आवड माहीत नाही. ते जसं गर्दी शोधत नाही तसं गर्दी टाळतही नाही. ते एखाद्या वेळी साताचा पाढाही छापेल. जाणून-बुजून गर्दी टाळणारा माणूस मशिनपेक्षा थोडा पुढे जाऊ शकतो. साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या सायमन कॉक्स, जेफ्री डॅनियल आणि डेनिस निकोल यांनी पहिल्या ११३ सोडतींचे आकडे आणि प्रत्येक सोडतीतले विजेते घेऊन, लोक कोणते आकडे किती धरतात याचा माग काढला आणि १९९८ मध्ये तो प्रसिद्ध केला. लॉटरीवाले कोण काय खेळलं ते जाहीर करत नाहीत. पण ज्या आठवड्यात ठरावीक आकडे आले आणि विजेते फार निघाले, त्या आकड्यांवर गर्दी होती हे उलट्या बाजूने ओळखता येतं. त्यांचा निष्कर्ष असा होता की कमी आवडते संच धरले तर कमाईची अपेक्षा दुप्पट करता येते.

दुप्पट हा शब्द ऐकून नानांचे डोळे चमकले, म्हणून पुढचं लगेच सांगावं लागलं. तेव्हा तिकिटाच्या एका पौंडातले ४५ पेन्स बक्षिसांत परत यायचे. त्याची दुप्पट केली तरी पौंड भरत नाही. शिवाय ही दुप्पट कित्येक शतकांच्या खेळाची सरासरी आहे, शनिवारच्या तिकिटाची नव्हे. आणखी एक अडचण आहे. त्या अभ्यासातली सगळी माणसं हाताने भरणारी किंवा नुकतंच लकी डिप घेऊ लागलेली होती. जितके लोक मशिनकडे वळतात तितकी गर्दी पसरते आणि ती टाळण्यातला फायदा आटतो. माझ्या वरच्या हिशेबातच बघा: मुद्दाम टाळणाऱ्याला ८६, मशिनवाल्याला ८५. एवढ्यासाठी डोकं खाजवायचं का, हे ज्याचं त्याने ठरवावं. आणि मोठे आकडे, कडेचे आकडे, लागोपाठचे आकडे हा सल्ला सगळ्यांनीच मानला, तर नवी गर्दी तिथेच होणार.

आणखी एक गोष्ट तिकीट घेण्याआधी बघावी. वाटणीचा हा सगळा विचार फक्त थैली वाटली जाते तिथेच लागू आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये ब्रिटनच्या लोटोत तीन, चार, पाच आकड्यांची बक्षिसं ठरावीक केली गेली. ठरावीक बक्षिसात शेजाऱ्याने तोच आकडा धरला तरी आपलं काही जात नाही. आपल्याकडे मटक्याचा आकडा लावणाऱ्यांना हे वेगळं सांगावं लागायचं नाही. एकेरी आकड्याला एकास नऊ भाव ठरला की सगळ्या गल्लीने तोच आकडा लावला तरी प्रत्येकाचा भाव तोच, घाम फुटायचा तो बुकीला. महाराष्ट्र राज्य लॉटरीच्या कागदी तिकिटावर तर क्रमांक आधीच छापलेला. तिथे आपण फार तर गठ्ठ्यातलं तिकीट निवडतो. हाताने भरू की मशिनला सांगू, हा प्रश्न सहा आकड्यांच्या लोटोतच उभा राहतो.

चहा झाला तेव्हा साडेचार वाजले होते. मी नानांना एक मधला मार्ग सुचवला. मशिन नको असेल तर १ ते ५९ च्या चिठ्ठ्या करून डब्यात टाका आणि धाकट्या नातीला सहा काढायला सांगा. जे येईल ते बदलायचं नाही, चिकटलेले आकडे आले तरी. मशिन करतं तेच हे, फक्त घरातल्या हाताने. बदलायला गेलं की पुन्हा तोच पेनचा हात सुरू होतो.

नात टेबलाशी येऊन उभी राहिली आणि भाजीच्या झाकणाच्या डब्यातून तिने चिठ्ठ्या काढल्या: ५, ३३, ३४, ४१, ५०, ५८. "तेहेतीस-चौतीस कसं येईल गं?" असं म्हणत नानांचा पेन थांबला, पण त्यांनी तेच भरलं. तिसरी, चौथी आणि पाचवी ओळ लकी डिपला सोडली. पहिल्या ओळीतले सहा वाढदिवस मात्र त्यांनी खोडले नाहीत. चिठ्ठी खिशात घालून नातीचा हात धरून ते दुकानाकडे निघाले.